गारठ्यातही ओले तळहात

डिसेंबरातल्या सकाळी नाशिकमध्ये पारा दहा अंशांच्या आसपास असतो. अकरावीतली एक मुलगी स्वेटर घालून परीक्षेच्या बाकावर बसलेली आहे. डाव्या मुठीत हातरुमाल आणि उजव्या तळहाताखाली घडी घातलेला कोरा कागद. तो कागद नसेल तर उत्तरपत्रिका ओली होते, शाई पसरते आणि आधी लिहिलेली ओळ वाचता येत नाही. पेन निसटते म्हणून ते अधूनमधून पुसावे लागते. घरी फरशीवर अनवाणी चालले की पावलांचे ओले ठसे उमटतात, चपला घातल्या तर पाय आतल्या आत घसरतो. मोबाइल बोटाच्या ठशाने उघडत नाही आणि कॉलेजातल्या हजेरीच्या यंत्रावर अंगठा दोन-तीनदा टेकवावा लागतो.

त्वचारोगतज्ज्ञांकडे अशी तरुण मुले-मुली नेहमी येतात. ही मुलगी त्यांच्यातलाच एक नमुना. तिथवर पोहोचण्याआधी घरात बरेच काही होऊन गेलेले असते. ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचे पाणी होते. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक होते. मग कोणीतरी प्रयोगशाळेचे संपूर्ण तपासणीचे पॅकेज सुचवते. थायरॉइड, साखर, जीवनसत्त्वे, यकृत, मूत्रपिंड असा लांबलचक अहवाल येतो आणि त्यात काहीच सापडत नाही. घरचे निर्धास्त होतात. मुलीचे हात मात्र तसेच ओले राहतात आणि आता ‘तुला काही झालेले नाही, तू उगाच घाबरतेस’ हेही ऐकावे लागते.

या मुलीला त्या तपासण्यांची गरज नव्हती आणि ‘काही झालेले नाही’ हा निष्कर्षही खरा नाही. तिला अतिघामाचा प्राथमिक प्रकार आहे. तो ओळखता येतो, त्यावर उपाय आहेत, आणि त्याचे निदान रक्त तपासून होत नाही, विचारपूस करून होते.

माणसाच्या त्वचेत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. त्यांची सर्वांत दाट वस्ती तळहातांवर आणि तळपायांवर आहे. पाठ, छाती, पोट इथल्या ग्रंथींचे मुख्य काम शरीर थंड ठेवण्याचे. बाहेर ऊन वाढले, धावपळ झाली, ताप उतरू लागला की त्या जाग्या होतात. तळहात-तळपायांच्या ग्रंथी प्रामुख्याने मनाच्या हालचालींना उत्तर देतात. भीती, उत्सुकता, एकाग्रता, अनोळखी माणसाशी बोलण्याची वेळ यांतले काहीही त्यांना पुरते. थोडासा ओलावा पकड घट्ट करतो, म्हणून ही सोय शरीरात आली असावी असे मानले जाते. अतिघाम असलेल्यांच्या ग्रंथी संख्येने जास्त नसतात आणि आकारानेही वेगळ्या नसतात. त्यांच्यापर्यंत येणारा मज्जातंतूंचा संदेश मात्र गरजेपेक्षा फार जोराचा असतो. जिथे इतरांचे हात जरा दमट होतात, तिथे यांच्या हातांवरून थेंब ओघळतात.

त्यामुळे तळहातांच्या घामाचा ‘उष्णते’शी संबंध जोडणे चुकीचे आहे. उलट या मुलांचे हात बहुतेक वेळा गार लागतात. भित्रा स्वभाव हेही मूळ कारण नाही. ताणाने घाम वाढतो हे खरे, पण घाम दिसेल या धास्तीनेच पुढचा ताण येतो. हस्तांदोलन टाळणे, प्रसाद घेताना हात मागे घेणे, गरबा किंवा ढोल-ताशा पथक सोडून देणे, हे सारे त्या घामाचे परिणाम आहेत.

आता डॉक्टर विचारतात ते प्रश्न. आधी पाहायचे ते असे, की सहा महिन्यांहून अधिक काळ शरीराच्या ठरावीक भागांना डोळ्यांना दिसेल इतका घाम येतो आहे का आणि त्याचे दुसरे उघड कारण आहे का. मग सहा गोष्टी तपासायच्या: घाम दोन्ही बाजूंना सारखा येतो का, रोजच्या कामांत अडथळा येतो का, आठवड्यातून निदान एकदा तरी असा प्रसंग घडतो का, सुरुवात पंचविशीच्या आत झाली का, घरात आणखी कोणाला असे होते का, आणि झोपेत घाम थांबतो का. यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्या तर निदान प्राथमिक अतिघामाचे.

नाशिकच्या मुलीची उत्तरे घेऊन पाहू. सुरुवात सातवीत, म्हणजे पंचविशीच्या कितीतरी आधी. दोन्ही हात आणि दोन्ही पाय सारखेच भिजतात. परीक्षेत अडचण होते आणि घाम जवळजवळ रोज येतो. वडिलांना विचारले तर तेही तरुणपणी खिशात दोन रुमाल ठेवत, फक्त कोणाला सांगत नसत. राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो घरातल्या कोणालाही तपासता येतो. मुलगी गाढ झोपल्यावर आईने तिच्या तळहाताला हात लावून पाहायचा. हात कोरडा. मनाकडून येणारा संदेश झोपेत मंदावतो, म्हणून या प्रकारचा घामही थांबतो. सहाच्या सहा गोष्टी जुळल्या. वजन स्थिर, पाळी नियमित, ताप नाही, धडधड नाही, कोणतेही औषध चालू नाही. अशा मुलीला एकही रक्त तपासणी न करता उपचार सुरू करता येतात, आणि तसे करणारा डॉक्टर निष्काळजी नसतो.

ही तक्रार दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत शंभरात सुमारे तीन लोकांना अतिघाम असल्याचे आढळले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी डॉक्टरला कधी सांगितलेच नव्हते.

उपचार पायरीपायरीने होतात. पहिली पायरी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या औषधाची, साधारण वीस टक्के तीव्रतेच्या. ते रात्री झोपताना लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. हे औषध ग्रंथीच्या तोंडाशी बूच बसवते आणि झोपेत घाम नसल्यामुळे ते बूच नीट बसते. इथे एक चूक फार होते: हात धुऊन, अर्धवट पुसून औषध लावले जाते. ओल्या त्वचेवर त्यातून आम्ल तयार होते, आग होते, त्वचा लाल होते आणि ‘मला हे चालत नाही’ म्हणून बाटली कपाटात जाते. हात पूर्ण कोरडे हवेत, गरज पडल्यास पंख्यासमोर धरून. सुरुवातीला काही रात्री सलग आणि फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा पुरते. काखेत हे औषध चांगले काम करते. तळहाताची त्वचा जाड असल्याने तिथे गुण कमी येतो, हे आधीच माहीत असावे.

तळहात-तळपायांसाठी पुढचा उपाय पाण्यातून सौम्य वीज देण्याचा, म्हणजे आयन्टोफोरेसिस. दोन उथळ तबकांत साधे नळाचे पाणी घेतात, हात त्यात ठेवतात आणि यंत्रातून पंधरा-वीस मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह वीस-तीस मिनिटे सोडतात. मुंग्या आल्यासारखे वाटते. अंगठ्या, बांगड्या काढायच्या आणि नखाजवळ कापले असेल तर तिथे आधी व्हॅसलिन लावायचे. आठवड्यातून तीन वेळा असे केले की दोन ते चार आठवड्यांत हात कोरडे होऊ लागतात. त्यानंतर आठवड्यातून एखादे सत्र चालू ठेवावे लागते, कारण थांबवले की घाम परततो. पेसमेकर असलेल्यांनी, गर्भवतींनी किंवा हाता-पायांत धातूची पट्टी बसवलेल्यांनी हे करू नये. वीज वापरायची म्हणून घरगुती जुगाड तर कोणीच करू नये.

बोटुलिनम विषाची इंजेक्शने काही महिने घाम थोपवतात, पण तळहातावर पुष्कळ ठिकाणी सुई टोचावी लागते, ती दुखते आणि काही काळ बोटांची पकड सैल होऊ शकते. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, वाचताना धूसर दिसू शकते. घाम हेच शरीर थंड ठेवण्याचे साधन असल्याने विदर्भातल्या मे महिन्यात, उन्हात काम करणाऱ्या माणसाने या गोळ्या घेणे धोक्याचे ठरू शकते. हा मुद्दा डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावा.

छातीतल्या मज्जातंतूची साखळी दुर्बिणीतून कापण्याची शस्त्रक्रिया हात हमखास कोरडे करते, म्हणून तिचे आकर्षण मोठे आहे. पण त्यानंतर अनेकांना पाठ, पोट आणि मांड्यांवर भरपूर घाम येऊ लागतो. काहींच्या बाबतीत तो पहिल्यापेक्षा त्रासदायक असतो आणि कापलेला तंतू मागे आणता येत नाही. बाकीचे सगळे उपाय नीट करून पाहिल्याशिवाय, आणि हा परिणाम शांतपणे समजून घेतल्याशिवाय या शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. अठराव्या-विसाव्या वर्षी, लग्न ठरायच्या घाईत तर नाहीच.

पायांबद्दल थोडेसे. सतत ओल्या राहणाऱ्या तळव्यांवर बारीक खड्डे पडले आणि उग्र वास येऊ लागला तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो, आणि तो मलमाने बरा होतो. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरले तर प्रत्येकाला वाळायला दिवस मिळतो. पावसाळ्यात हे विशेष पाळावे.

आता चित्र बदलून पाहू.

पंचेचाळिशीची एक शिक्षिका. आयुष्यात कधी जास्त घाम आला नाही. गेल्या तीन महिन्यांपासून वर्गात पंखा चालू असताना पाठ, छाती, मान सगळे भिजते. रात्रीही चादर बाजूला सारावी लागते. मैत्रिणी म्हणतात, पाळी जायचे वय आहे, होणारच. ते खरे असू शकते. रजोनिवृत्तीत चेहऱ्यापासून खाली गरम लाट येते, काही मिनिटे घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. या बाईंची पाळी मात्र नियमित आहे आणि घाम लाटेसारखा येत नाही, दिवसभर अंग दमट असते. वजन पाच किलोंनी उतरले आहे, भूक मात्र वाढली आहे. फळ्यावर लिहिताना हात थरथरतो. बसल्या जागी नाडी मिनिटाला एकशे दहा.

इथे सहा प्रश्नांची उत्तरे उलटी येतात. सुरुवात पंचविशीनंतर, घाम सगळ्या अंगाला, झोपेतही चालू, आणि सोबत दुसरी लक्षणे. अशा घामाला दुय्यम म्हणतात, कारण त्याच्यामागे दुसरे काहीतरी असते. तपासण्या हव्यात त्या इथे. या बाईंसाठी पहिली तपासणी टीएसएचची. हे संप्रेरक मेंदूतून थायरॉइडला काम करायला सांगते. थायरॉइड बेलगाम झाली की मेंदू हा हुकूम जवळजवळ बंद करतो. म्हणून टीएसएच अगदी तळाला जाते आणि थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, टी-४, वाढलेले दिसते. असा अहवाल आला तर घामावर वेगळा इलाज करावा लागत नाही. थायरॉइड आटोक्यात आली की घाम, धडधड, थरथर हळूहळू ओसरतात. या बाईंना आधी घामाच्या गोळ्या दिल्या असत्या तर आजार आत वाढत राहिला असता.

टीएसएच ठीक निघाले तर पुढे काय तपासायचे, ते सोबतची लक्षणे सांगतात. संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, उतरणारे वजन आणि रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, असे असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. क्षयाची ही तपासणी सरकारी दवाखान्यांत मोफत होते. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणाऱ्या गाठी आल्या असतील तर रक्ताची तपासणी आणि गाठीचा तुकडा तपासणे, कारण लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही रात्री घाम फुटतो. डोके ठणकणे, छाती धडधडणे, घाम सुटणे आणि त्याच वेळी रक्तदाब उसळणे, असे झटके पुन्हा पुन्हा येत असतील तर अधिवृक्क ग्रंथीच्या एका दुर्मीळ गाठीसाठी लघवीची किंवा रक्ताची खास तपासणी करतात. ती दर घाम येणाऱ्या माणसाची करायची नसते. घाम फक्त एकाच बाजूला, म्हणजे अर्ध्या चेहऱ्याला किंवा एकाच हाताला येत असेल तर मज्जातंतूच्या वाटेवर कुठे दाब आहे का हे पाहण्यासाठी स्कॅन लागू शकतो.

तपासण्यांच्या आधी एक काम फुकटात होते आणि तेच अनेकदा राहून जाते: चालू गोळ्यांची यादी पाहणे. नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्यांनी बऱ्याच जणांना घाम वाढतो. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकानेही वाढतो. घाम गोळी सुरू केल्यानंतर किंवा तिची मात्रा वाढवल्यानंतर सुरू झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते किंवा गोळी बदलता येते. मनाने बंद मात्र करू नये. रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांत घाम, थरथर आणि अस्वस्थता येते. हे घरी ‘सहन करायचे’ प्रकरण नाही, त्यातून झटके येऊ शकतात.

मधुमेहींच्या घामाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते, आणि आपल्याकडे त्याचा थेट संबंध उपवासांशी आहे. नवरात्र, चतुर्थी, एकादशी. सकाळी सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी घेतली जाते किंवा इन्सुलिन टोचले जाते आणि पोटात जाते ते कपभर चहा. अकरा-बारा वाजता दरदरून घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांसमोर अंधारी येते, माणूस विनाकारण चिडतो. ही साखर उतरल्याची खूण. घरी ग्लुकोमीटर असेल तर लगेच बोट टोचून पाहावे. आकडा सत्तरच्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशीच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटले की काहीतरी खाऊ घालावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही ओतू नये, त्याला थेट दवाखान्यात न्यावे. उपवास करायचाच असेल तर गोळीची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

काही वेळा तपासण्यांचा विचार करायला सवड नसते. अचानक गार घाम फुटला, छातीत दडपण आले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, दम लागला तर तो हृदयविकाराचा झटका धरून चालावे आणि ईसीजी निघेल अशा ठिकाणी तातडीने पोहोचावे. मधुमेही आणि वयस्क माणसांत छातीत न दुखताही फक्त घाम आणि गळाठा एवढ्यावर झटका येऊन जातो. ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पाजत बसण्यात जे तास जातात, ते भरून निघत नाहीत.

महाराष्ट्रातल्या शेतांमध्ये घामाची आणखी दोन कारणे आहेत. पहिले फवारणीचे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात आणि घाम आणणाऱ्या मज्जातंतूंचा संदेश थांबूच देत नाहीत. घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, बाहुली टाचणीच्या टोकाइतकी बारीक, छातीत घरघर. अशा माणसाचे कपडे लगेच उतरवावेत, हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातांत घालून त्याचे अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. फवारणी उन्हात होते, म्हणून घामाकडे कोणाचे लक्ष जात नाही. बाहुली आणि लाळ पाहिली तर फरक कळतो.

दुसरे कारण लाल विंचवाचे. कोकणात त्याच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वेळेत दिल्यास जीव वाचतो हे दाखवून दिले. दंशानंतर भरपूर घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे, या खुणा विष अंगात भिनल्याच्या आहेत. नुसती ठणकणारी जागा असलेला रुग्ण वेगळा आणि घामाने निथळणारा वेगळा. दुसऱ्याला मांत्रिकाकडे नेण्यात वेळ घालवू नये.

तातडीचे कारण नसेल आणि घामासाठी डॉक्टरांकडे जायचे असेल तर आधी दोन आठवडे एका वहीत नोंद करा. घाम कोणत्या भागाला येतो, एका बाजूला की दोन्ही, दिवसा की झोपेतही, कधीपासून, घरात आणखी कोणाला आहे का. दर आठवड्याचे वजन लिहा, संध्याकाळी ताप मोजा, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक धरून, वहीत उतरवा. तपासण्यांचे पॅकेज घेण्याआधी ही वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि कोणती तपासणी कशासाठी, हे त्यांना विचारा.